सातवीत असताना सात आठवडे मेलबर्नला: बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा?

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी. भाऊ-वहिनी मेलबर्नला असतात. जानेवारीअखेर वहिनीचं बाळंतपण आहे. तिची आई नाही, आणि माझी आई एकटीने तेवढा प्रवास करायला तयार नाही. त्यामुळे आई, मी आणि लेक असे १० जानेवारी ते २५ फेब्रुवारी जाणार. नवरा शेवटचे दोन आठवडे येईल. तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा ‘जाऊ नका’ हा सल्ला कृपया नको.

लेक सातवीत, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. रविवार, २६ जानेवारी, शिवजयंती वजा जाता शाळेचे साधारण ३८ दिवस बुडतात. वर्गशिक्षिकेला द्यायला हा अर्ज लिहिला आहे, जरा बघता का?

*‘मा. वर्गशिक्षिका, सा. न. वि. वि. कौटुंबिक कारणास्तव आम्ही परदेशी जात असल्याने माझा मुलगा दि. १० जानेवारी ते २५ फेब्रुवारी शाळेत येऊ शकणार नाही. तरी या काळात वर्गात शिकवलेला सर्व अभ्यास रोजच्या रोज व्हॉट्सअपवर पाठवावा, ही नम्र विनंती.’*

पोरगं अभ्यासात मध्यम. गणितात ‘समजलं’ म्हणतो आणि पेपरात वेगळंच निघतं.

---

खडूस_काका

तिकिटं आधी, अर्ज नंतर, सल्ला त्याच्याही नंतर. अस्सल मराठी नियोजन. 😀

---

शशांक_डोंबिवली

ताई, जरा जपून. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. माझ्या मेव्हण्याच्या मुलीला बसू देत नव्हते, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडावं लागलं. तुम्हीही एखादं काढून ठेवा.

---

हंसा_मावशी

मेलबर्नला आम्ही गेलो होतो तेव्हा विमानतळावर माझा डिंक, खारीक, खोबरं सगळं बाहेर काढून बघितलं. बाळंतिणीसाठी नेताय म्हणजे हे सगळं असणारच. फॉर्मवर खाण्याचं सगळं लिहा, लपवू नका, तिथे दंड जबर असतो. घरचं तूप तर न्यायचं मनातच आणू नका.

---

खडूस_काका

मावशी, प्रश्न पोराच्या अभ्यासाचा आहे, डिंकाच्या लाडवांचा नाही.

---

हंसा_मावशी

लाडू अडकले तर घरात अभ्यास कोणाचा होणार आहे?

---

फळा_डस्टर

अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते, २२ वर्षं झाली. पत्राकडे येते, पण आधी शशांक यांच्या मुद्द्याबद्दल.

७५ टक्क्यांची अट खरी, पण ती दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेची. तुमच्या मेव्हण्यांची मुलगी दहावीत असणार. सातवीच्या मुलाला हजेरीवरून परीक्षेला बसू न देणं किंवा नापास करणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. वार्षिक परीक्षेत नापास होऊन त्याच वर्गात राहण्याची तरतूद आपल्याकडे २०२३-२४ पासून आली आहे, तीही फक्त पाचवी आणि आठवीला. आणि सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस धरले, तर ३८ गेल्यावर १८२ उरतात, म्हणजे ८३ टक्के. खोटं सर्टिफिकेट कशासाठी? पोरगं परत आल्यावर वर्गात कांगारूच्या गोष्टी सांगणार, तेव्हा तुमचा टायफॉइड उघडा पडेल.

काळजीची जागा वेगळी आहे. महिनाभराहून जास्त काळ सलग गैरहजर असलेलं मूल सर्वेक्षणात शाळाबाह्य धरलं जातं. म्हणून अर्जात परतीची तारीख हवी, अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे हवा आणि त्याची पोच घेऊन ठेवा. नाहीतर फेब्रुवारीत कोणीतरी तुमच्या दाराला कुलूप बघून जाईल.

आता ‘सर्व अभ्यास रोजच्या रोज पाठवावा’. माझ्या वर्गात ५४ मुलं आहेत. असं पत्र आलं तर मी मान डोलावेन आणि तिसऱ्या दिवशी विसरेन. वाईट हेतू नसतो हो, तास संपला की पुढचा वर्ग दारात उभा असतो. शिवाय फळ्याचा फोटो म्हणजे शिकवणं नव्हे. मेलबर्नमध्ये बसून तो फळा वहीत उतरवेल आणि तुम्हाला वाटेल अभ्यास झाला.

---

ओमानचा_विनू

आमची मुलगी महिनाभर मस्कतला होती तेव्हा बाईंनी एका मैत्रिणीच्या आईच्या फोनवरून वर्ग दाखवला होता. दीड तासाचाच फरक, तिचा रोजचा अभ्यास चालू राहिला. तुम्हीही विचारून बघा की.

---

मुग्धा_नाशिक

विनूदादा, मेलबर्न उन्हाळ्यात आपल्या साडेपाच तास पुढे. शाळा दुपारची, १२ ते ५:३०. म्हणजे तिथे संध्याकाळी साडेपाचला सुरू आणि रात्री अकराला सुटणार, घरात तान्हं बाळ. नाही जमायचं.

फळाताई, मग मागायचं तरी काय?

---

फळा_डस्टर

एकच गोष्ट मागा: त्या सात आठवड्यांचं घटक नियोजन. ते प्रत्येक शिक्षकाकडे लिहिलेलं असतं, वेगळं काही करावं लागत नाही, फोटो काढायला दोन मिनिटं पुरतात. मिळालं की गणिताचं इथे टाका.

---

लंडनची_सुमी

तुम्हा लोकांचा हेवा वाटतो. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना मुलाला सुट्टीवर नेलं आणि पाच शाळा-दिवस विनापरवानगी भरले की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून ८० पौंड, २१ दिवसांत नाही भरले तर १६०. दर पालकामागे, दर मुलामागे. आम्ही दोघं, मुलं दोन, गुणाकार करा. पुतण्याच्या मुंजीला मी एकटीच आले होते.

---

खडूस_काका

मुंजीत आहेर किती केलात ते सांगा, म्हणजे दंड परवडला असता का ते कळेल.

---

रानवेली

मला एक कळत नाही. बारा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा परदेशी जातंय, घरात बाळ जन्माला येतंय, आणि आपण सरावसंच मोजतोय? सातवीचं काय अडतं कोणाचं? मी सातवीत कावीळ होऊन दोन महिने घरी होते, काही बिघडलं नाही. राहू द्या त्याला मोकळं.

---

मुग्धा_नाशिक

बाईंनी नियोजन लगेच दिलं! गणितात त्या सात आठवड्यांत परिमिती व क्षेत्रफळ, पायथागोरसचा सिद्धांत आणि बैजिक सूत्रे-वर्ग विस्तार. ‘वर्तुळ’ आम्ही निघायच्या आत संपेल, ‘सांख्यिकी’ आल्यावर मार्चमध्ये. बाकी विषयांचे मिळून अठरा धडे. मी हबकले आहे.

---

फळा_डस्टर

रानवेली, तुमचं अर्धं मला पटतं. अठरा धड्यांपैकी बहुतेक सोडून द्या. इतिहासाचा धडा कधीही वाचला तरी कळतो, मागचा बुडाला म्हणून पुढचा अडत नाही. गणितातही सगळं सारखं नसतं. सांख्यिकी बुडली असती तर मी म्हटलं असतं, परत आल्यावर दोन दिवसांत बघू. पण हे तीन धडे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत, आणि आठवीचं बीजगणित वर्ग विस्ताराच्या खांद्यावर. कावीळ झाली तेव्हा तुमचा कोणता धडा बुडला यावर सगळं आहे.

मुग्धाताई, तुमचा मुलगा ‘समजलं’ म्हणतो ना? मग त्याला समजलं का असं विचारूच नका. २३ चा वर्ग विचारा, कॅल्क्युलेटरशिवाय, २० आणि ३ असे तुकडे करून. ४०९ म्हणाला तर ओळखा: त्याने २० चा वर्ग ४०० आणि ३ चा वर्ग ९ घेऊन बेरीज केली. (a + b)² म्हणजे a² + b², ही सातवीतली सगळ्यात चिवट चूक. सूत्र तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा आकडे आले की ती करतात. फळ्याच्या फोटोतून ती कधीच दिसणार नाही, कारण तिथे बरोबर उत्तर लिहिलेलं असतं.

यावर उपाय कागदाचा. चौकटीच्या वहीवर २३ चौकटी बाजूचा चौरस आखायचा. वरून २० चौकटींवर आडवी रेघ, डावीकडून २० वर उभी. चार तुकडे होतात. मोठा २० × २० म्हणजे ४००, कोपऱ्यातला छोटा ३ × ३ म्हणजे ९, आणि दोन लांबट पट्ट्या, प्रत्येकी २० × ३ म्हणजे ६०. त्या दोन पट्ट्या त्याने रंगवायच्या. ४०० + १२० + ९, झाले ५२९. ४०९ मध्ये काय हरवलं होतं, तर त्या रंगवलेल्या पट्ट्या. मग एका बाजूच्या तुकड्यांना a आणि b नावं द्यायची, 2ab कुठून आलं ते त्याचं तोच सांगतो. यासाठी आधी क्षेत्रफळ पक्कं हवं, म्हणून धड्यांचा क्रम मोडायचा नाही.

पायथागोरसमध्ये चूक वेगळी. दोन बाजू ६ आणि ८ दिल्या की वर्गांची बेरीज १०० काढतात आणि कर्ण १०० लिहून मोकळे होतात, वर्गमूळ राहतं. किंवा कर्ण १३ आणि एक बाजू ५ दिली तरी सवयीने बेरीजच: १६९ अधिक २५. खरं तर १६९ मधून २५ वजा करायचे, १४४, म्हणजे बाजू १२. प्रत्येक उत्तरावर त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: कर्ण सगळ्यात मोठा आहे ना? १९४ चं वर्गमूळ १३ च्या पुढे जातं, म्हणजे बाजू कर्णाहून मोठी झाली. तिथेच चूक पकडली जाते, पालकाला गणित येत नसलं तरी.

वेळ: सकाळी ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. सात आठवड्यांत २८ बैठका होतात, त्यातल्या सहा-सात बुडणारच. उरलेल्यात तीन धडे सावकाश होतात. पुस्तकं नेऊ नका, वजन होतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहे. वही मात्र कागदाचीच न्या, चौकटीची.

---

शशांक_डोंबिवली

मेव्हण्याची मुलगी दहावीतच होती, आत्ता विचारलं. मागे घेतो. पण सातवीलाही आकारिक मूल्यमापनाचे गुण असतात ना? चाचणी, स्वाध्याय, प्रकल्प... ते कुठून आणणार?

---

फळा_डस्टर

हा प्रश्न बरोबर विचारलात. सातवीला आकारिक ४०, संकलित ६०. चाचणी बुडाली तर आल्यावर घेता येते, कोणती शाळा किती तयार होते ते सांगता येत नाही. प्रकल्प मात्र तिथून करून आणता येतो. पण ‘माझी ऑस्ट्रेलियाची सहल’ नको! कोआलाचे फोटो चिकटवलेली असली फाइल दरवर्षी एक तरी येते.

---

दक्षिणायन

मी मेलबर्नमध्येच असतो, म्हणून नाक खुपसतो. सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मिती आहे आणि विज्ञानात ‘तारकांच्या दुनियेत’. दोन्ही धड्यांना याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

जानेवारीत इथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, तुमच्याकडे सव्वासहाच्या आसपास. अंगणात एक काठी उभी करून भर दुपारी सावली बघायला सांगा. नाशिकला या दिवसांत ती उत्तरेला पडते, इथे दक्षिणेला. दर आठ दिवसांनी सर्वांत आखूड सावलीची लांबी लिहायची. जानेवारी ते फेब्रुवारी ती वाढत जाते, कारण सूर्य उत्तरेकडे सरकत असतो. त्याच दिवशी नाशिकला एखाद्या मित्राने शाळेच्या मैदानावर तेवढीच काठी लावली तर तिथली सावली कमी होत जाते. दोन तक्ते शेजारी ठेवले की ऋतू का उलटे ते पाठ करावं लागत नाही. सूचना एकच: घड्याळाच्या बाराला सावली आखूड नसते. इथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे, त्यामुळे एक ते पावणेदोन दर पाच-दहा मिनिटांनी खूण करत राहायचं.

आणि रात्री मृग नक्षत्र. इथे ते उलटं, डोकं खाली असं उभं असतं, म्हणजे व्याधाचा तारा मृगाच्या वरच्या बाजूला दिसतो. ध्रुव आणि सप्तर्षी तर दिसतच नाहीत. माझा मुलगा इथेच वाढला, तो नागपूरला आजीकडे गेला की म्हणतो, तुमचं मृग उलटं आहे.

---

रानवेली

हे मला आवडलं. काठी आणि सावली चालेल. चार दिवस सरावसंच मला अजूनही जाचक वाटतो.

---

ओमानचा_विनू

वेलीताई, चाळीस मिनिटं हो. आमच्या काळी तेवढा वेळ अंगठे धरून उभे असायचो.

---

मुग्धा_नाशिक

नवीन पत्र. आता बघा.

*‘मा. मुख्याध्यापक (वर्गशिक्षिकांमार्फत), सा. न. वि. वि. माझ्या भावाकडे बाळंतपण असल्याने मी मुलाला घेऊन मेलबर्न येथे जात आहे. तो दि. १० जानेवारी ते २५ फेब्रुवारी गैरहजर राहील आणि गुरुवार, २६ फेब्रुवारीपासून शाळेत येईल. या काळातील गणिताचे तीन घटक तो पाठ्यपुस्तकावरून करणार आहे. परतल्यावर पहिल्या आठवड्यात गणिताच्या बाईंनी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं देऊन त्याची वही पाहावी आणि बुडालेली चाचणी सोयीच्या दिवशी घ्यावी, ही विनंती. ऋतुनिर्मितीवरील सावलीच्या नोंदी भूगोलाचा प्रकल्प म्हणून चालतील का, ते कळवावे.’*

---

फळा_डस्टर

उत्तम. ‘दहा मिनिटं’ लिहिलंत ते फार बरं केलंत. तेवढं कोणीही देतं.

---

खडूस_काका

पोच विसरू नका. शिक्क्याची. शाई वाळेपर्यंत तिथून हलू नका.

---

मुग्धा_नाशिक *(८ मार्च)*

आलो हो परत. भाची झाली, ठणठणीत आहे. धागा शोधून वर काढते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

सरळ सांगते, २८ बैठकांपैकी १७ झाल्या. पहिला आठवडा झोपेत गेला, पोरगं दुपारी तीनला उठायचं. बाळ आलं त्या आठवड्यात तर वही कुठे आहे तेही माहीत नव्हतं. क्षेत्रफळ आणि पायथागोरस पूर्ण झाले. वर्ग विस्तारात (a − b)² अर्धवट राहिलं.

२३ चा वर्ग मी विमानतळावरच विचारला होता, जाताना. उत्तर: ४०९, तेही आत्मविश्वासाने. फेब्रुवारीत चौरस काढून पट्ट्या रंगवल्या, एक हिरवी, एक केशरी. मग मी ३१ चा विचारला, ९६१ आलं. म्हटलं जिंकलो. दोन दिवसांनी १०२ चा विचारला तर १०००४. फळाताई, ही चूक खरंच चिवट आहे. पुन्हा चौरस काढला, या वेळी चौकटी न मोजता नुसत्या आकृतीत, तेव्हा स्वतःच ‘अरे, पट्ट्या’ म्हणाला आणि १०४०४ लिहिलं.

सावलीच्या पाच नोंदी झाल्या, दोन रविवारी ढग होते. इथे मित्राने तीनच केल्या, कारण त्याची काठी कोणीतरी क्रिकेटला स्टंप म्हणून नेली. बाईंनी प्रकल्प घेतला. गणिताच्या बाईंनी दहाऐवजी पंचवीस मिनिटं दिली, (a − b)² तिथल्या तिथे करून घेतलं.

बिघडलं ते भलतीकडेच. हिंदीकडे आम्ही कोणीच बघितलं नव्हतं, आणि सात आठवडे लांबलचक काही लिहिलंच नाही, त्यामुळे त्याचा लिहिण्याचा वेग पार गेला. परवाच्या हिंदीच्या चाचणीत शेवटचे दोन प्रश्न कोरे. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. आता काय करू?

---

हंसा_मावशी

अभिनंदन आत्याबाई! डिंक जाऊ दिला का?

---

मुग्धा_नाशिक

फॉर्मवर सगळं लिहिलं होतं. डिंक, खारीक सोडलं. आईने माझ्या नकळत पिशवीत टाकलेल्या बियांच्या पुड्या काढून घेतल्या. तिथे परसात मेथी पेरायची होती म्हणे.

---

फळा_डस्टर

हिंदीचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, गणिताची माणसं आम्ही. वेगासाठी रोज एक पान बघून लिहायला लावा, घड्याळ लावून, पुस्तकातलंच. किती मिनिटांत पान झालं ते तारखेसह समासात. धड्याखालच्या स्वाध्यायासाठी मात्र हिंदीच्या कोणालातरी विचारा.

---

शशांक_डोंबिवली

माझी बायको हिंदी शिकवते. आज रात्री विचारून सांगतो. या वेळी खात्री करूनच लिहीन.

---

खडूस_काका

खात्री राहू द्या, आधी त्या पाचवी ते आठवी हिंदी शिकवतात की दहावीला ते सांगा.